दारावरचा क्रमांक, पडद्यावरचा क्रमांक

न्हावा शेवाच्या कामावर चालणाऱ्या बेलापूर, कळंबोली किंवा द्रोणागिरीच्या कुठल्याही कार्यालयात नव्याने रुजू झालात, तर पहिल्या आठवड्यातच तुमच्या हाती फोटोंचं काम येईल. ट्रेलरचा ड्रायव्हर कंटेनरच्या दाराचा फोटो पाठवतो, सीलचा पाठवतो, काट्यावरच्या पावतीचा पाठवतो. ओसीआर सॉफ्टवेअर त्या फोटोंतून अक्षरं आणि आकडे उचलून पडद्यावर तक्ता मांडतं: कंटेनर क्रमांक, आकाराचा कोड, रिकाम्या डब्याचं वजन, सील क्रमांक, काट्यावरचं वजन. तुम्ही ‘पोस्ट’ दाबलंत की हीच नोंद पुढे शिपिंग लाइनकडे, टर्मिनलच्या गेटवर आणि बिलात जाते. दाबण्याआधी काय तपासायचं, एवढाच या टिपणाचा विषय आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: आकडा पडद्यावर किती स्वच्छ दिसतो हा तो बरोबर असल्याचा पुरावा नाही. प्रत्येक आकड्याला दुसरा साक्षीदार हवा, आणि तो त्याच वाचनातून आलेला नसावा.

स्वच्छ दिसण्यावर भरवसा का नाही, ते आधी पाहू. ओसीआर प्रत्येक अक्षराशेजारी खात्रीची टक्केवारी दाखवतं. ९८ टक्के दिसले की नवा माणूस निश्चिंत होतो. पण ती टक्केवारी एवढंच सांगते की फोटोतला आकार यंत्राच्या ओळखीच्या `8` शी किती जुळतो. दारावर मुळात `3` होता आणि गंजाच्या ओघळाने त्याची डावी बाजू बंद झाली, तर फोटोतला आकार खरोखरच `8` सारखा असतो आणि यंत्र पूर्ण खात्रीने चुकतं. याहून मोठा धडा २०१३ सालचा आहे. डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने त्या वर्षी ऑगस्टमध्ये दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीच्या काही वर्कसेंटर मशीनवर कागद स्कॅन केला की त्यातले आकडे बदलतात. इमारतीच्या एका नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या १४.१३ च्या झाल्या. यात ओसीआरचा संबंधच नव्हता. चित्राची फाइल लहान करताना मशीन सारखे दिसणारे तुकडे एकच समजत होतं आणि एकाच्या जागी दुसरा चिकटवत होतं. आकडे अंधुकही नव्हते, ठसठशीत आणि वाचनीय होते, फक्त खोटे होते. ते कसे उघडकीला आले? मोठी खोली लहान खोलीएवढीच कशी, हे नकाशाशी पडताळल्यावर. म्हणजे दुसऱ्या साक्षीदारामुळे. ‘शंका आली तर फोटो मोठा करून बघू’ ही सवय चांगली आहे, पण तेवढ्याने भागत नाही, ते यासाठी. फोटो हासुद्धा एक कागदच आहे, आणि तोही चुकू शकतो.

आता कंटेनर क्रमांकाकडे वळू. दारावरच्या सगळ्या लिखाणात हा सर्वांत शहाणा आकडा, कारण तो स्वतःचा एक साक्षीदार बरोबर घेऊनच फिरतो. आयएसओ ६३४६ या मानकाप्रमाणे तो अकरा स्थानांचा असतो. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं अक्षर मालवाहू कंटेनरसाठी नेहमी `U`, मग सहा अंकी अनुक्रमांक आणि शेवटी एक तपासणी अंक, जो बहुतेक डब्यांवर चौकटीत रंगवलेला असतो. या रचनेतूनच पहिली तपासणी मिळते. पहिल्या चार जागी अंक येऊच शकत नाही आणि नंतरच्या सात जागी अक्षर येऊ शकत नाही. चौथ्या जागी `V` किंवा `0` दिसला तर तो यंत्राचा गोंधळ. पाचव्या जागेपासून पुढे `S`, `B`, `O` किंवा `I` दिसलं तर तिथे `5`, `8`, `0` किंवा `1` असण्याची शक्यता मोठी. चौकटीचाही एक नेहमीचा घोळ असतो: चौकटीची उभी रेघ यंत्र `1` म्हणून वाचतं आणि क्रमांक बारा स्थानांचा होतो. अशी दुरुस्ती करायला हरकत नाही, पण ती केल्याची खूण शेजारच्या रकान्यात राहिली पाहिजे. दुरुस्त केलेला क्रमांक हा यंत्राने वाचलेला क्रमांक नव्हे, तो आपला अंदाज आहे. त्याची परीक्षा अजून व्हायची आहे.

ती परीक्षा तपासणी अंक घेतो. गणित एकदा हाताने करून पाहा, म्हणजे पुढे संगणकाने केलेलं तुम्हाला कळेल. हा नियम समजावताना सर्रास वापरला जाणारा नमुना क्रमांक आहे `CSQU3054383`. अक्षरांना ठरलेली मूल्यं असतात. `A` चं १०, `B` चं १२, तिथून पुढे ओळीने, मात्र ११, २२ आणि ३३ गाळून. त्यामुळे `C` १३, `S` ३०, `Q` २८ आणि `U` ३२. अंकांचं मूल्य तोच अंक. आता पहिल्या स्थानाला १ ने गुणायचं, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ४ ने, आणि असं दुप्पट करत दहाव्या स्थानाला ५१२ ने. अक्षरांचे गुणाकार १३, ६०, ११२ आणि २५६ येतात, अंकांचे ४८, ०, ३२०, ५१२, ७६८ आणि ४०९६. बेरीज ६१८५. तिला ११ ने भागलं की बाकी उरते ३, आणि शेवटचा, चौकटीतला अंक ३ च आहे. जुळलं. आता समजा यंत्राने पहिला अंक `3` ऐवजी `8` वाचला. ४८ च्या जागी १२८ आले, बेरीज ६२६५ झाली आणि बाकी ६ उरली. चौकटीत ३ आहे, म्हणजे चूक पकडली गेली. दोन शेजारचे अंक उलटसुलट झाले, `54` चं `45` झालं, तरीही बाकी बदलते. एका अंकाची चूक किंवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल या परीक्षेतून जवळपास कधीच सुटत नाही. सुटण्याची एकच फट आहे. बाकी १० आली तरी एकाच चौकटीत दोन अंक मावत नाहीत म्हणून तिथे ० लिहितात. त्यामुळे शेवटचा अंक ० असलेल्या क्रमांकाच्या बाबतीत बाकी ० होती की १०, हे कळायला मार्ग नसतो. अशा क्रमांकाकडे थोडं जास्त लक्ष द्या.

हे गणित रोज हाताने करायचं नाही. एक्सेलमध्ये क्रमांक A2 या घरात असेल तर हे सूत्र TRUE किंवा FALSE सांगतं. सूत्रातल्या अक्षरमालेत तीन ठिकाणी प्रश्नचिन्ह आहे, ते गाळलेल्या ११, २२ आणि ३३ च्या जागा धरून ठेवण्यासाठी.

```
=AND(LEN(A2)=11,MOD(MOD(SUMPRODUCT(FIND(MID(A2,ROW($1:$10),1),"0123456789A?BCDEFGHIJK?LMNOPQRSTU?VWXYZ")-1,2^(ROW($1:$10)-1)),11),10)=VALUE(RIGHT(A2,1)))
```

FALSE ऐवजी `#VALUE!` आलं तर क्रमांकात मोकळी जागा, आडवी रेघ किंवा लहान लिपीतलं अक्षर शिरलं आहे असं समजा.

इथपर्यंत येऊन बरेच जण थांबतात आणि तपासणी अंकाला शिक्कामोर्तब मानतात. तिथेच फसायला होतं. त्याच नमुन्यातला `Q` यंत्राने `G` असा वाचला असं धरू. रंग उडालेल्या दारावर दोन्ही अक्षरं सारखीच दिसतात. `Q` चं मूल्य २८, `G` चं १७. तिसरं स्थान असल्याने ४ ने गुणायचं, म्हणजे ११२ च्या जागी ६८ आले आणि बेरीज ४४ ने घटून ६१४१ झाली. पण ४४ ला ११ ने पूर्ण भाग जातो, म्हणून बाकी पुन्हा ३ च! `CSGU3054383` हा चुकीचा क्रमांक परीक्षेत पहिल्या श्रेणीत पास होतो. हा योगायोग नाही. ज्या दोन अक्षरांच्या मूल्यांत ११ किंवा २२ चा फरक आहे, ती या गणिताला वेगळी ओळखताच येत नाहीत. `F` आणि `P`, `H` आणि `R`, `G` आणि `Q` या जोड्या तशाच आहेत, आणि नेमक्या त्याच फोटोत एकमेकींसारख्या दिसतात. `P` चं पोट उडालं की `F` उरतो. म्हणून पहिल्या तीन अक्षरांची तपासणी गणिताने होत नाही, यादीने होते. मालकांचे हे कोड पॅरिसच्या बीआयसी या संस्थेकडे नोंदवलेले असतात. आपल्या कार्यालयाचं काम चालतं त्या लाइन आणि भाड्याने कंटेनर देणाऱ्या कंपन्या यांचे कोड मोजकेच असतात. ते वेगळ्या पानावर ठेवा आणि त्यात नसलेला कोड आला की थांबा. नवा कोड येऊच शकत नाही असं नाही, पण तो डोळ्यांखालून जायला हवा.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. एका क्रमांकात दोन चुका झाल्या, तर त्या एकमेकींना झाकून पास होण्याची शक्यता अकरात साधारण एक. थोडीच वाटते, पण अंधुक फोटोत चुका एकट्या येत नाहीत. जिथे एक अंक घसरला तिथे दुसराही घसरलेला असतो. आणि पास झालेला चुकीचा क्रमांक हवेतला असेल असंही नाही. न्हावा शेवाने २०२३-२४ या एका वर्षात ६४ लाखांहून अधिक टीईयू हाताळले. इतक्या डब्यांच्या गर्दीत तुमचा चुकीचा क्रमांक खरोखर कुणाचातरी असू शकतो. मग चूक ‘असा कंटेनर नाही’ या संदेशाने परत येत नाही, ती दुसऱ्याच्या मालावर जाऊन बसते. यातूनच एक मोह निर्माण होतो, तोही सांगून ठेवतो. एक अंक अजिबात दिसत नाही, बाकी दहा दिसतात. तपासणी अंकाचं गणित उलटं चालवलं तर तो हरवलेला अंक बहुतेक वेळा एकच निघतो, आणि हुशारीचं समाधान मिळतं. पण असा अंक काढताच तुम्ही साक्षीदार खर्च केलात. आता क्रमांक जुळणारच, कारण जुळावा म्हणूनच तुम्ही तो घडवला. दिसलेल्या दहांतला एखादाही चुकीचा वाचला असेल, तर ते कळायला काहीच उरलेलं नाही. काही सॉफ्टवेअर हेच काम गुपचूप करतात: शंकेच्या अक्षरांच्या जागी पर्याय घालत जातात आणि पहिला जुळणारा क्रमांक पुढे करतात. आपलं सॉफ्टवेअर तसं करतं का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. करत असेल तर त्या क्रमांकाच्या बाबतीत तपासणी अंक पुरावा म्हणून धरू नका. डब्याचा क्रमांक दारावरच नव्हे, दोन्ही बाजूंवर आणि पाठीवरही रंगवलेला असतो. बाजूचा एक फोटो मागवणं हा त्यावरचा खरा उपाय.

वजनांकडे येऊ. उजव्या दारावर तीन ओळी असतात: डब्यासकट जास्तीत जास्त वजन, रिकाम्या डब्याचं वजन म्हणजे टेअर, आणि आत भरता येणारं वजन. प्रत्येक ओळ किलोत आणि पौंडांत लिहिलेली. इथे तपासणी अंक नाही, पण त्याहून चांगलं काहीतरी आहे. सहा आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. वीस फुटी डब्यावर असं लिहिलंय समजा: ३०,४८० किलो आणि ६७,२०० पौंड, २,२३० किलो आणि ४,९२० पौंड, २८,२५० किलो आणि ६२,२८० पौंड. टेअर आणि भरता येणारं वजन मिळून वरचा आकडा यायला हवा, किलोतही आणि पौंडांतही. शिवाय किलोला २.२०४६ ने गुणलं की पौंड यायला हवेत, शेवटच्या दहाच्या फरकाने. यंत्राने २,२३० चे २,२८० केले तर किलोची बेरीज ३०,५३० होते, ५० ने चुकते. पौंडांची मात्र जुळते. चूक आहे हे तर कळलंच, ती कुठल्या घरात आहे हेही कळलं. याच्या जोडीला आकाराचा कोड पाहा. `22G1` म्हणजे वीस फुटी साधा डबा, त्याचं टेअर सव्वादोन टनांच्या आसपास. `45G1` म्हणजे चाळीस फुटी उंच डबा, त्याचं पावणेचार टनांच्या जवळपास. चाळीस फुटीच्या नोंदीत २,२३० दिसलं तर आकडा चुकला असेलच असं नाही. दोन डब्यांचे फोटो एकाच नोंदीत मिसळले असण्याची शक्यता जास्त.

‘पन्नास किलोंनी काय बिघडतं, डबा पंचवीस टनांचा आहे’ असा प्रश्न हमखास येतो. नुसत्या वजनाकडे पाहिलं तर तो रास्तच आहे. पण १ जुलै २०१६ पासून सोलास कराराच्या नियमानुसार भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन, ज्याला सगळे व्हीजीएम म्हणतात, माल पाठवणाऱ्याने जहाजावर चढवण्याआधी कळवायचं असतं, आणि ते त्याच्या सहीने जातं. आपण टाकलेला आकडा म्हणजे दुसऱ्याची सही आहे. आणि जिथे `3` चा `8` झाला तिथे तो दहाच्याच घरात होईल, असा करार यंत्राने केलेला नाही. शेकड्याच्या घरात झाला असता तर फरक ५०० चा पडला असता.

व्हीजीएम दोन रीतींनी काढतात. एक तर भरलेला डबा तोलायचा, नाहीतर आतल्या मालाचं आणि बांधणी-टेकूंच्या सामानाचं वजन करून त्यात दारावरचं टेअर मिळवायचं. काट्याची पावती इथेच येते, आणि तिच्यावर सगळ्यांत फसवी चूक होते. ती यंत्राने न केलेली चूक आहे. पावतीवरही ‘टेअर’ असा शब्द असतो. पण तो गाडीच्या रिकाम्या वजनाचा असतो, डब्याच्या नव्हे. आता दोन पावत्या पाहा. पहिलीवर एकूण ४०,१८०, टेअर १३,८०० आणि निव्वळ २६,३८०. दुसरीवर एकूण ४०,१८०, टेअर १६,०३० आणि निव्वळ २४,१५०. दोन्हींची वजाबाकी चोख आहे आणि यंत्राने एकही अंक चुकवलेला नाही. पहिल्या पावतीत रिकामा ट्रेलर डब्याशिवाय तोलला होता, म्हणून निव्वळ आकड्यात डबा आणि माल दोन्ही आले. तो थेट व्हीजीएम आहे. दुसऱ्या पावतीत ट्रेलर यार्डातून रिकामा डबा घेऊन आला, तसाच काट्यावर चढला आणि कारखान्यात माल भरून पुन्हा तोलला गेला. तिथे निव्वळ म्हणजे फक्त माल. तो आकडा व्हीजीएमच्या घरात टाकला की डब्याचं वजन नोंदीतून गायब होतं. कसं ओळखायचं? दोन निव्वळ आकड्यांतला फरक मोजा: २,२३०. दारावरचं टेअर तेच. म्हणून काट्याच्या पावतीशेजारी पॅकिंग लिस्टमधलं मालाचं वजन नेहमी ठेवा. निव्वळ वजन मालाच्या वजनाजवळ असेल तर त्यात टेअर मिळवायचं आहे. ते माल अधिक टेअर यांच्या जवळ असेल तर मिळवायचं नाही. किलोकिलो जुळण्याची अपेक्षा मात्र धरू नका. काटा दहा किंवा वीस किलोंच्या टप्प्याने दाखवतो, टाकीतलं डिझेल कमी झालेलं असतं, एका वेळी ड्रायव्हर आत बसलेला असतो आणि दुसऱ्या वेळी खाली उतरलेला. चाळीस-पन्नास किलोंचा फरक हा काट्याचा स्वभाव आहे. दोन हजारांचा फरक मात्र अर्थाचा घोटाळा आहे.

सील क्रमांक हा या सगळ्यांतला अनाथ. त्याला तपासणी अंक नाही, बेरीज नाही, ठरलेली लांबीही नाही. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. बोल्ट सीलच्या गोल अंगावर अक्षरं वळलेली, फोटोत निम्मी प्रकाशात आणि निम्मी सावलीत. इथे आकड्याच्या आत साक्षीदार सापडत नाही, म्हणून तो बाहेरून आणावा लागतो. सगळ्यांत खात्रीची रीत जुनीच आहे: दोन माणसांनी स्वतंत्रपणे वाचून टाइप करायचं आणि मग दोन नोंदी जुळवायच्या. यातला ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द गांभीर्याने घ्या. पहिल्याची नोंद समोर ठेवून दुसऱ्याने फोटो पाहिला, तर त्याला तेच दिसतं जे आधी लिहिलंय. म्हणून दुसऱ्याने पहिलं वाचन आणि ओसीआरचं वाचन दोन्ही झाकून टाइप करावं. इथे एक्सेलचा एक खोडसाळपणाही ध्यानात असू द्या. `0047312` असा सील क्रमांक साध्या घरात चिकटवला तर पुढची शून्यं गळतात आणि `47312` उरतो. `5678E12` सारखा क्रमांक तर एक्सेलला गणिती संख्या वाटते आणि सील जागच्या जागी बिघडतं. फोटो बरोबर, वाचन बरोबर, आणि तरी नोंद चुकीची. सील आणि कंटेनर क्रमांकाचे रकाने चिकटवण्याआधीच ‘टेक्स्ट’ या प्रकारात बदलून घ्या. नंतर बदलून गळलेली शून्यं परत येत नाहीत.

आकडा खरा आहे इतकं कळलं तरी एक प्रश्न उरतो: तो याच खेपेचा आहे का? यार्डात डबे एकमेकांना चिकटून उभे असतात आणि फोटोत शेजारचं दारही येतं. एका ट्रेलरवर दोन वीस फुटी डबे असले की दोघांची सीलं अदलाबदल होतात. व्हॉट्सअॅपवर कालचा फोटो आज पुन्हा पाठवला जातो, आणि गंमत अशी की तो चुकीचा फोटो आधीच्या सगळ्या तपासण्यांत चोख उतरतो. इथे साक्षीदार म्हणजे कार्यालयातला दुसरा कागद: आयात असेल तर डिलिव्हरी ऑर्डर किंवा बिल ऑफ लेडिंग, निर्यात असेल तर लाइनने दिलेल्या रिकाम्या डब्याची यादी. जुळवताना पूर्ण अकरा स्थानं जुळवा. शेवटचे चार अंक जुळले म्हणून पुढे जाण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, कारण फोनवर तेवढेच बोलले जातात. एकाच मालकाच्या हजारो डब्यांत शेवटचे चार अंक सारखे असलेले किती निघतील, याचा विचार केला की त्या जुळण्याची किंमत कळते. आणि दोन कागदांत फरक निघाला तर मान्य कागदाप्रमाणे नोंद दुरुस्त करू नका. यादीतला क्रमांक टाकून दिला की फोटो काढण्याचा हेतूच संपतो. चुकीचा डबा उचललेला असणं हीसुद्धा एक शक्यता आहे आणि ती फक्त फोटोच सांगू शकतो.

वेळेचा आक्षेप खोटा नाही. संध्याकाळी जहाजाची कट-ऑफ जवळ आली की फोटो थव्याने येतात आणि प्रत्येक नोंदीवर दहा मिनिटं घालवायला कुणालाच सवड नसते. पण वर सांगितलेल्यातलं बहुतेक काम सूत्रं करतात. तपासणी अंक, वजनांची बेरीज, किलो-पौंड, आकार आणि टेअर यांचा मेळ, यादीशी जुळणी: हे तक्त्यातले पाच रकाने एकदा नीट बसवले की माणसाने फक्त लाल झालेली ओळ बघायची. माणसाचा वेळ खरोखर लागतो तो सीलला, आणि काट्याच्या पावतीचा अर्थ लावायला. तो वाचवायचा नसतो. दुसरा आक्षेप असा की चूक झालीच तर टर्मिनलची यंत्रणा परत पाठवेल. ती परत पाठवते हे अर्धंच खरं आहे. अशक्य क्रमांक परत येतो. शक्य पण चुकीचा क्रमांक पुढे जातो. आणि परत आलेली नोंदसुद्धा फुकट येत नाही: ती येते तेव्हा ट्रेलर गेटवर उभा असतो, मागे रांग असते, आणि दुरुस्ती होईपर्यंत ड्रायव्हरचा एकामागून एक फोन वाजत असतो.

एखादी नोंद कुठल्याच मार्गाने पक्की होत नसेल तर ते घर रिकामं ठेवा आणि शेरा लिहा: ‘फोटो अस्पष्ट, सहावा अंक 3 किंवा 8’. रिकामं घर पुढच्या माणसाला थांबवतं, अंदाजाने भरलेलं घर त्याला झोपवतं. मूळ फोटो नोंदीशी बांधलेला ठेवा. फाइलच्या नावात पूर्ण कंटेनर क्रमांक आणि तारीख असू द्या, आणि कापून-उजळून घेतलेली प्रत वेगळी जपा, मुळाच्या जागी नव्हे. मग फोन उचला. ड्रायव्हरला ‘नीट फोटो पाठवा’ एवढंच सांगून काही साधत नाही, कारण त्याच्या लेखी तो नीटच होता. काय हवं ते नेमकं सांगा: ‘दादा, दाराच्या समोर सरळ उभे राहून अख्ख्या उजव्या दाराचा एक काढा. मग डब्याच्या बाजूवरच्या नंबरचा एक. सीलचा वेगळा, जवळून, सावली करून, आणि सील थोडं फिरवून दुसऱ्या अंगाचाही. काट्याची पावती सपाट धरा. सगळे डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवले की व्हॉट्सअॅप बारीक करतं.’ काट्याच्या पावतीसाठी शेवटी एवढंच विचारा: ‘रिकामी गाडी तोलली तेव्हा वर डबा होता का?’